एका गेटला किती गार्ड लागतात?

आजचा विषय ऐकायला एका वाक्याचा आहे. सोसायटीच्या एका गेटवर चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस, एक गार्ड उभा हवा असेल तर माणसं किती ठेवावी लागतात? सोसायट्यांच्या सभांमध्ये आम्ही हा प्रश्न विचारतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा उत्तर येतं, 'तीन'. आठ तासांच्या तीन शिफ्ट, म्हणून तीन माणसं. हे उत्तर कुठे चुकतं आणि त्या चुकीची किंमत कोण भरतं, हे आज बघू.

सुरुवात एका मस्टरपासून करू. पुण्याच्या उपनगरातली एक सोसायटी, एकच गेट. शिफ्ट सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा, अकरा ते सकाळी सात. जून महिन्यात एका पहाटे चारच्या सुमारास दूधवाला आला, तर गार्ड खुर्चीत गाढ झोपलेला. कुणीतरी फोटो काढला, तो ग्रुपवर फिरला आणि कमिटीने ठरवलं की एजन्सी बदलायची. नवीन एजन्सीला काय काय विचारायचं हे ठरवायला त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही म्हटलं, आधी जूनचं मस्टर दाखवा.

जूनचे दिवस तीस, शिफ्ट तीन, म्हणजे महिन्याच्या ड्युट्या नव्वद. मस्टरवर नावं चार होती. पहिल्याच्या नावावर २९ ड्युट्या, दुसऱ्याच्या ३१, तिसऱ्याच्या २६ आणि चौथ्याच्या ४. बेरीज बरोबर नव्वद. गेट एकही शिफ्ट रिकामं राहिलेलं नाही, त्यामुळे एजन्सीचं म्हणणं होतं की आमचं काम चोख आहे.

पण तीस दिवसांच्या महिन्यात एकतीस ड्युट्या कशा होतात? एका दिवशी त्याने दोन केल्या म्हणून. पहिल्या गार्डने महिन्यात एकच सुट्टी घेतली होती, त्या रात्री त्याच्या जागी यायला कुणी नव्हतं, म्हणून दुपारी तीनला आलेला दुसरा गार्ड तसाच रात्रपाळीलाही थांबला. दुपारी तीन ते सकाळी सात, सोळा तास. फोटो काढला गेला तेव्हा त्याचा तेरावा तास चालू होता. तिसरा गार्ड पेरणीसाठी चार दिवस गावाला गेला होता. त्याच्या जागी चौथा माणूस आला, पण हे चार दिवस त्याचे महिन्याचे वीकली ऑफ म्हणून धरले गेले. म्हणजे त्याला रजाही नाही मिळाली आणि आठवड्याची सुट्टीही नाही मिळाली. एकाच गोष्टीला दोन नावं मिळाली, एवढंच.

आता या गेटला खरं किती माणसं हवी होती ते काढू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या, गणित चौथीचं आहे.

आठवड्याला तास किती? चोवीस गुणिले सात, १६८. एका माणसाने आठवड्याला किती तास काम करायचं? आठ तासांप्रमाणे सहा दिवस, ४८ तास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच धरलेली आहे आणि आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी आहे. १६८ भागिले ४८, उत्तर साडेतीन. म्हणजे कुणीही कधीही रजा घेतली नाही, आजारी पडलं नाही, गणपतीला गावाला गेलं नाही, तरीसुद्धा फक्त वीकली ऑफ द्यायचा म्हटलं तर साडेतीन माणसं लागतात.

इथे एक चूक फार वेळा होते. लोक म्हणतात, सातातला एक दिवस सुट्टी, म्हणजे सातवा हिस्सा जास्त धरा. तिघांचे तीन सप्तमांश, म्हणजे साधारण ३.४३. पण सुट्टी सातातली असली तरी भरायची आहे ती सहा दिवस काम करणाऱ्या माणसांनी. सात दिवस भरायला सहा दिवसांची माणसं, म्हणून सात भागिले सहा. जास्तीचा हिस्सा सातवा नाही, सहावा. तुमच्या एजन्सीच्या कोटेशनमध्ये 'रिलीव्हर चार्जेस' म्हणून एक ओळ असते आणि पुढे १/६ किंवा १६.६७ टक्के लिहिलेलं असतं. ते हेच. एजन्सीवाल्यांना हे गणित नीट येतं. प्रश्न वेगळा आहे. त्या ओळीचे पैसे तुम्ही देता, पण तो रिलीव्हर येतो का?

आपल्या सोसायटीच्या बिलात ही ओळ होती. तिघांचा सहावा हिस्सा म्हणजे अर्धा माणूस, म्हणजे महिन्याला बारा-तेरा ड्युट्या. मस्टरवर चौथ्या नावाच्या ड्युट्या किती? चार. बाकीच्या आठ-नऊ ड्युट्या त्याच तिघांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी उभं राहून काढल्या. पैसे साडेतीन माणसांचे जात होते आणि गेटवर माणसं जेमतेम तीन होती.

ही झाली पहिली पायरी. कोटेशन बहुधा इथेच थांबतं, आणि खरी गडबड इथून पुढे आहे.

वर्षाचा हिशोब मांडू. एका गार्डचे वर्षाचे दिवस ३६५. त्यातून वीकली ऑफ गेले ५२, उरले ३१३. त्याच कायद्याप्रमाणे सणांच्या पगारी सुट्ट्या आठ: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि ठरवून घेतलेले आणखी चार सण. नैमित्तिक रजा आठ दिवस. आणि वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, आपल्या हिशोबात ती येते सुमारे १४ दिवस. आठ, आठ आणि चौदा मिळून तीस. ३१३ मधून तीस गेले, उरले २८३. म्हणजे एक गार्ड वर्षात जास्तीत जास्त २८३ दिवस तुमच्या गेटवर उभा राहू शकतो. नियम बदलले किंवा तुमच्या करारात रजा वेगळ्या असल्या तर हे आकडे बदला, रीत तीच राहते.

गेटला वर्षाच्या ड्युट्या किती लागतात? तीन गुणिले ३६५, १०९५. भागा २८३ ने.

१०९५ ÷ २८३ = ३.८७

म्हणजे जवळजवळ चार. एका शिफ्टपुरतं बघायचं तर ३६५ भागिले २८३, १.२९. हा १.२९ चा आकडा लक्षात ठेवा. जिथे रोज एक माणूस हवा, तिथे यादीत १.२९ माणसं हवीत.

इथेही मघासारखीच एक चूक दबा धरून बसलेली असते. कुणी म्हणेल, गार्ड वर्षाचे ८२ दिवस नसतो, म्हणजे साडेबावीस टक्के, मग तिनावर साडेबावीस टक्के वाढवा. ३.६७ येतं. बरोबर वाटतं, पण नाही. कारण जो जास्तीचा माणूस तुम्ही घेतलात, तोसुद्धा सुट्टी घेणारच की! त्याच्याही वर्षात २८३ च दिवस आहेत. म्हणून टक्के वाढवायचे नाहीत, हाताशी असलेल्या दिवसांनी भागायचं. ३.६७ आणि ३.८७ मधला फरक किरकोळ दिसतो, पण वर्षाला पंचावन्न ड्युट्यांचा आहे. पंचावन्न वेळा एक तर गेट रिकामं, नाहीतर कुणाची तरी डबल.

आता आपल्या तिघांकडे परत येऊ. तीन माणसं, प्रत्येकाचे २८३ दिवस, एकूण ८४९. लागतात १०९५. कमी पडतात २४६ ड्युट्या. गेट तर रिकामं राहत नाही, मग या ड्युट्या कुठून येतात? एक तर सुट्टीच्या दिवशी कामाला येऊन, नाहीतर सलग डबल करून. तिघांत वाटल्या तर माणशी ८२ ड्युट्या, ६५६ तास. दर तीन महिन्यांना १६४ तास. २०१७ चा कायदा झाला तेव्हा त्यात जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांत १२५ तास होती आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने होता. म्हणजे तीन माणसांवर गेट चालवायचं ठरवलं की मर्यादा ओलांडली जाणार हे वर्षाच्या पहिल्या दिवशीच ठरून जातं. कुणाच्या बेशिस्तीचा त्यात संबंध नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुष्कळदा गार्ड स्वतःच डबल मागतो. पगार हातात येतो तो ड्युटीच्या हिशोबाने, गावाला पैसे पाठवायचे असतात, आणि सुट्टी घेतली की तेवढे पैसे कमी. जादाची ड्युटी दुप्पट दराने मोजायच्या ऐवजी साध्याच दराने मोजली की एजन्सीला चौथा माणूस शोधण्यापेक्षा हे सोपं पडतं. दोघेही राजी असतात, म्हणून तक्रार कधी येत नाही. तक्रार येते ती थेट पहाटे चारला, फोटोच्या रूपाने.

कमिटीत नेहमी एक प्रश्न येतो. "आम्ही लीव्ह वेजेस पण देतो, बिलात ओळ आहे. मग रजेची सोय झालीच ना?" नाही. रजेचा पगार जातो रजेवर गेलेल्या माणसाला. त्या दिवशी गेटवर जो उभा आहे, त्याचा पगार वेगळा. सणाच्या आणि रजेच्या दिवशी एका जागेसाठी दोन माणसांचे पैसे लागतात, एक घरी बसलेला आणि एक उभा असलेला. बिलात पहिल्याची ओळ असते आणि दुसऱ्याची नसते. कारण १/६ हा फक्त वीकली ऑफचा रिलीव्हर आहे. साडेतीन ते ३.८७ हे अंतर, वर्षाच्या शंभरेक ड्युट्या, कुणाच्याच ओळीत बसत नाही.

बरं, मग चार माणसं ठेवली. झालं का काम? वर्षाच्या हिशोबाने झालं. चार गुणिले २८३ म्हणजे ११३२, लागतात १०९५, उरल्या ३७. चौघांपैकी प्रत्येकजण वर्षात नऊ दिवस तापाने किंवा घरच्या अडचणीने आला नाही तरी भागतं. पण गेट वर्षाच्या हिशोबाने चालत नाही, आठवड्याच्या हिशोबाने चालतं. म्हणून एक आठवडा मांडून बघू.

पहिला गार्ड सकाळी, दुसरा दुपारी, तिसरा रात्री. चौथा रिलीव्हर. सोमवारी पहिल्याची सुट्टी, रिलीव्हर सकाळपाळीला. बुधवारी दुसऱ्याची, रिलीव्हर दुपारपाळीला. शुक्रवारी तिसऱ्याची, रिलीव्हर रात्रपाळीला. हा क्रम मुद्दाम असा ठेवलाय. सकाळ, दुपार, रात्र असं पुढे सरकत गेलं की दोन ड्युट्यांमध्ये झोपेला वेळ मिळतो. उलटा क्रम लावून लागोपाठच्या दिवसांत रात्रीनंतर दुपार दिली, तर माणूस सकाळी सातला सुटतो आणि त्याच दिवशी तीनला परत गेटवर. येण्याजाण्याचा वेळ धरून तो झोपणार कधी?

या मांडणीत आठवड्याच्या ड्युट्या एकवीस. चौघे सहा-सहा दिवस आले तर चोवीस. म्हणजे रिलीव्हरकडे आठवड्याला तीन ड्युट्या मोकळ्या. कुणी एक-दोन दिवस रजा घेतली तर तो सहज सांभाळतो. पण दुसरा गार्ड आठवडाभर गावाला गेला तर? उरले तिघे. तीन गुणिले सहा, अठरा. लागतात एकवीस. तीन ड्युट्या कमी, आणि त्या तिघांचा वीकली ऑफ खाऊनच भरतात. म्हणजे चार माणसं असूनही त्या आठवड्यात आपण परत जूनच्या मस्टरवर आलो.

आणि गार्ड लोकांची रजा सुटी-सुटी नसते. गाव लांब, गाडीतच दोन दिवस जातात, म्हणून चौदा दिवसांची रजा एकदम घेतली जाते. कोकणातले गणपतीला जातात, बिहारमधले छठला, शेती असलेले पेरणीला आणि काढणीला. चौघांच्या अशा रजा धरल्या तर वर्षात नऊ-एक आठवडे गेट तिघांवर असतं, आणि दर आठवड्याला तीन प्रमाणे सत्तावीस-अठ्ठावीस ड्युट्या बाहेरून आणाव्या लागतात. म्हणून एका गेटच्या सोसायटीने चार माणसं ठेवायची आणि पाचवं नाव आधीच ठरवून ठेवायचं. हा पाचवा रोजचा नाही. एजन्सीच्या दुसऱ्या साइटवरचा चालेल, पण ज्याने आपलं गेट पाहिलंय, ज्याला इंटरकॉम, पाण्याच्या टँकरची वेळ, रात्री कुठला दरवाजा लावायचा हे माहीत आहे, असा. ऐन वेळी पाठवलेल्या अनोळखी माणसाने ड्युटी भरते, गेट सांभाळलं जात नाही.

आता गंमत बघा. गेट दोन असतील तर माणसं आठ, ड्युट्या बेचाळीस. एकजण आठवडाभर गावाला गेला, उरले सात. सात सक बेचाळीस. बरोबर! सगळ्यांना वीकली ऑफ देऊन, बाहेरून कुणालाही न बोलावता आठवडा पार पडतो. अट एकच, एका वेळी एकानेच जायचं आणि दोन्ही गेटचे गार्ड एकमेकांच्या जागी उभे राहायला तयार असले पाहिजेत. शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांची एजन्सी एकच असेल तर त्यांनी रिलीव्हर एकत्र ठेवायला हरकत नाही. दोघांचे आकडे वेगवेगळे पूर्णांकात नेण्यापेक्षा एकत्र बेरीज करून शेवटी एकदाच पूर्णांक करावा.

या सगळ्या हिशोबात एक गोष्ट आम्ही धरलेली नाही, तीही सांगून टाकतो. २०१७ चा कायदा झाला तेव्हा त्यात सलग पाच तास काम झाल्यावर अर्धा तास विश्रांती द्यायची, असं होतं. त्या अर्ध्या तासात गेटवर कोण? त्यासाठी पाचवा-सहावा गार्ड ठेवणं कुणालाच परवडत नाही. पण कुणाचं तरी नाव लिहिलेलं हवं, सुपरवायझर असेल, दिवसा ऑफिसमधला माणूस असेल. नाव नसेल तर गार्ड डबा गेटवरच, एक डोळा बॅरियरवर ठेवून खातो, आणि त्याला आपण विश्रांती म्हणतो.

बारा तासांच्या दोन शिफ्टबद्दल बरेच जण विचारतात, कारण पुष्कळ सोसायट्यांमध्ये तेच चालू आहे. तिथे 'दोन गार्ड' म्हणजे दोनच माणसं असतील तर १६८ भागिले दोन, आठवड्याला माणशी ८४ तास. ४८ च्या जागी ८४. स्वस्त का पडतं, याचं उत्तर त्या छत्तीस तासांत आहे.

आता तुम्ही घरी जाऊन काय करायचं? बिल बाजूला ठेवा, मस्टर मागवा. महिन्याच्या एकूण ड्युट्यांना मस्टरवरच्या नावांनी भागा. २८३ भागिले बारा म्हणजे साडेतेवीस, तेव्हा सरासरी बावीस ते चोवीसच्या आसपास असेल तर माणसं पुरेशी आहेत. सरासरी सव्वीसच्या वर गेली तर कुणाचा तरी वीकली ऑफ जातोय. फक्त सरासरीवर विसंबू नका. आपल्या जूनच्या मस्टरवर नव्वद भागिले चार म्हणजे साडेबावीस येतं, दिसायला उत्तम! कारण चौथं नाव चारच दिवसांचं आहे. म्हणून प्रत्येक नावासमोरचा आकडा बघायचा. एकाचाही आकडा सव्वीस-सत्तावीसच्या पुढे असेल तर बोट तिथे ठेवायचं. आणि मग तारखा बघायच्या. एकच सही लागोपाठच्या दोन शिफ्टवर आहे का? ती डबल.

त्या सोसायटीने पुढे एजन्सी बदलली नाही. करारातला 'तीन गार्ड, २४ तास' हा शब्दप्रयोग बदलला. त्याजागी लिहिलं: महिन्याच्या ड्युट्या नव्वद किंवा त्र्याण्णव, मस्टरवर नियमित नावं चार, पाचवं नाव आधी कळवलेलं, एका नावावर महिन्यात सव्वीसपेक्षा जास्त ड्युट्या नाहीत, लागोपाठ दोन शिफ्ट एकाला नाहीत. रजेच्या बदलीची ओळ बिलात वेगळी आली आणि दर फ्लॅटमागे मेंटेनन्स थोडा वाढला. त्यावर सभेत वाद झाला, दोन सभासदांनी विरोध नोंदवला. तेव्हा चेअरमननी जूनचं मस्टर वाचून दाखवलं आणि विचारलं, "एकतीसावी ड्युटी तुमच्यापैकी कोण करेल?"

दुसऱ्या गार्डला कामावरून काढायचं ठरलं होतं. तो अजून तिथेच आहे, दुपारपाळीला. बुधवारी त्याची सुट्टी असते.

आज इथेच थांबू. आपापली मस्टरं घेऊन या, प्रश्नोत्तरांच्या वेळी तीच बघू.